हातानं काढलेलं दिशाक्षेत्र: y' = y² − x च्या प्रकल्प नोंदी

२ जून

समीकरण ठरलं: y' = y² − x. बरीच उदाहरणं चाळून मुद्दाम हेच घेतलं. चल वेगळे करता येत नाहीत, समीकरण रेषीयही नाही. हा रिकाटी प्रकार आहे, आणि लिऊव्हिलनं १८४१ मध्ये दाखवून दिलंय की अशा समीकरणाची उकल प्राथमिक फलनं आणि त्यांची संकलनं वापरून लिहिता येत नाही. म्हणजे सूत्र शोधत बसण्याचा मोह आपोआप टळला. जे कळेल ते कागदावरच्या रेघांवरून कळेल.

प्रश्न एवढाच ठेवलाय: y-अक्षावरच्या एखाद्या बिंदूपासून निघालेली उकल उजवीकडे जाताना कुठे पोचते? वर जाते की खाली, आणि ही वाटणी नेमकी कोणत्या बिंदूला होते?

४ जून

मिलिमीटर आलेख कागद आडवा लावला. दोन्ही अक्षांवर १ एकक म्हणजे २ सेंमी; x −२ पासून ७ पर्यंत, y −३ पासून ३ पर्यंत.

प्रत्येक छेदबिंदूवर y² − x काढून तिथे रेघ मारायची, ही पद्धत सगळ्यांना माहीत असते. दोनशे बिंदू, दोनशे आकडेमोडी, आणि तासाभरात हात चुकायला लागतो. त्याऐवजी समचढ वक्रांनी सुरुवात केली. जिथे चढ c आहे ते सगळे बिंदू y² − x = c, म्हणजेच x = y² − c या वक्रावर असतात. हे सगळे एकच अन्वस्त आहेत, फक्त आडवे सरकलेले! त्यामुळे पुठ्ठ्यावर x = y² एकदाच नीट आखून कापून घेतला. c = ० साठी टोक आरंभबिंदूवर ठेवायचं, c = १ साठी २ सेंमी डावीकडे, c = −१ साठी २ सेंमी उजवीकडे. −३ पासून ३ पर्यंतचे सात वक्र पंधरा मिनिटांत फिकट पेन्सिलीनं काढून झाले. मग पाव आणि अर्ध्या चढाचेही काढले, कारण मधला भाग मोकळा राहिला की नजर तिथे स्वतःच काहीतरी रचू लागते.

दुसरी सोय रेघांची. एका समचढ वक्रावरच्या सगळ्या रेघा समांतर असतात, म्हणून गुण्या एकदा योग्य कोनात लावायचा आणि पट्टीच्या कडेनं सरकवत न्यायचा. चढ १ साठी ४५ अंश, २ साठी साधारण ६३.४, अर्ध्यासाठी २६.६. रेघ सहा मिमीची, आणि बिंदू रेघेच्या मध्यावर. रेघ बिंदूपासून सुरू केली तर सगळं क्षेत्र एका बाजूला सरकल्यासारखं दिसतं आणि वक्र काढताना तेवढाच सरकतो.

५ जून

आदल्या दिवशीच्या कागदाच्या आधी एक कागद वाया गेला होता, त्याचं कारण आज लिहून ठेवते. त्यात उभ्या अक्षावर १ एकक ३ सेंमीचं घेतलं होतं, म्हणजे चित्र मोठं दिसेल. पण कोन मात्र ४५ अंशांचाच लावत राहिले. आडवे २ सेंमी आणि उभे ३ सेंमी असताना चढ १ ची रेघ ५६ अंशांच्या वर असायला हवी. चित्र पाहून चूक कळत नाही, कारण सगळ्या रेघा सारख्याच चुकलेल्या असतात आणि वक्र गुळगुळीतच येतात. कळली ती चौकटी मोजल्यावर: (०, १) वरची रेघ एक एकक पुढे गेल्यावर एक एकक चढायला हवी होती, ती दोन-तृतीयांशच चढत होती. तेव्हापासून कोणताही कागद सुरू केला की पहिल्या तीन रेघा चौकटी मोजून तपासते.

८ जून

आज पहिले वक्र. (०, ०) पासून सुरुवात केली. तिथे रेघ आडवी, मग हळूहळू उतरती. x = १ च्या पुढे उतार वाढतो, पुन्हा कमी होतो, आणि वक्र खालच्या फांदीकडे, y = −√x कडे येऊ लागतो.

इथे मोठी चूक झाली. c = ० चा फिकट वक्र समोर होताच, आणि पेन्सिल त्याच्यावर चढून त्याच्यावरूनच पुढे गेली. नजरेला ते अगदी बरोबर वाटत होतं. पण त्या अन्वस्तावर प्रत्येक रेघ आडवी आहे, आणि अन्वस्त स्वतः उतरता आहे. उकल तिथे असेल तर तिनं आडवं जायला हवं. ती अन्वस्तासोबत उतरू शकत नाही. समचढ वक्र म्हणजे उकल नव्हे. ते फक्त सारख्या चढाच्या बिंदूंना जोडणारं फिकट आखण आहे. खोडलं.

खोडताना नीट पाहिलं तर चुकीतच उत्तर होतं. y = −√x वर दिशा आडवी आणि वक्र उतरता, म्हणजे तिथे आलेली उकल अन्वस्ताच्या वरच राहते. खालून येणारी उकल तो ओलांडून वर येते, पण वरची उकल ओलांडून खाली जाऊ शकत नाही. आता त्याच्या वरचा c = −१ चा वक्र, y = −√(x − 1), घ्या. त्याचा स्वतःचा चढ −1/(2√(x − 1)), आणि त्यावरच्या रेघांचा चढ −१. x > ५/४ झालं की रेघा वक्रापेक्षा जास्त उतरत्या असतात, म्हणून उकल हा वक्र वरून खाली ओलांडते आणि परत वर येत नाही.

खालून आत येता येतं, वरूनही आत येता येतं, बाहेर मात्र पडता येत नाही. हे नरसाळं आहे. त्याची रुंदी √x − √(x − 1), जी x वाढला की शून्याकडे जाते. आता पेन्सिलीच्या अंदाजावर काही अवलंबून राहिलं नाही: जी उकल या नरसाळ्यात शिरली, ती −√x ला चिकटत जाणार. सूत्राशिवाय हे सिद्ध झालं, याचा आनंद मोठा आहे.

९ जून

x = ४ ला मोजलं. माझा वक्र y = −√x च्या जेमतेम एक मिमी वर आहे. (०, ०), (०, −१) आणि (०, −२) पासून काढलेले तिन्ही वक्र तिथे एकाच रेघेत मिसळल्यासारखे दिसतात.

खरं तर ते मिसळत नाहीत. y² − x चं y च्या दिशेचं अवकलज सगळीकडे सलग आहे, म्हणून एका बिंदूतून एकच उकल जाते आणि दोन उकली एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. कागदावर त्यांच्यातलं अंतर पेन्सिलीच्या रेघेपेक्षा कमी झालंय, एवढंच. म्हणून अशा जागी वक्र एकमेकांत घुसवायचे नाहीत. जिथे वेगळे दाखवणं शक्य नाही तिथे एकच वक्र पुढे न्यायचा आणि बाकीचे थोडे आधी थांबवायचे.

१२ जून

वरची बाजू. तिथे सगळं उलटं आहे.

y = √x वर दिशा आडवी आणि अन्वस्त चढता, म्हणून उकल त्याला ओलांडून खाली पडते. c = १ चा वक्र y = √(x + 1): त्याचा चढ 1/(2√(x + 1)), जो x ≥ ० असताना अर्ध्याहून जास्त नाही, आणि रेघांचा चढ १. म्हणजे उकल तो ओलांडून वर निसटते. या दोन कुंपणांच्या मधला पट्टा दोन्हीकडून गळतो. खाली पडलेली उकल मग खालच्या नरसाळ्याकडे जाते, वर निसटलेली वरच जाते.

पण मध्ये काहीतरी उरायलाच हवं. y-अक्षावर पट्टा ० पासून १ पर्यंत आहे. खाली पडणारे आरंभबिंदू एका बाजूला, वर जाणारे दुसऱ्या बाजूला. दोन्ही संच उघडे आहेत, कारण बिंदू किंचित हलवला तरी उकल कुंपण ओलांडतेच. दोन उघड्या संचांनी अख्खा अंतराल भरून निघत नाही, म्हणून किमान एक बिंदू असा आहे की त्याची उकल कायम पट्ट्यात राहते. आणि असा एकच आहे: पट्ट्यात 2y धन आहे, म्हणून दोन उकलींमधलं अंतर उजवीकडे जाताना वाढतच जातं, पट्टा मात्र अरुंद होत जातो. दोघी एकत्र मावूच शकत नाहीत.

तो बिंदू कुठे आहे हे शोधणं हाच आता प्रकल्पाचा गाभा झाला.

१३ जून

y(०) = ०.७ पासून तीन वेळा वक्र काढला. एकदा वर गेला, दोनदा खाली. तिन्ही वेळा काळजीपूर्वक काढला होता.

मैत्रीण शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, "अगं, तुझा हात काही चुकत नाहीये. ही जागाच अशी आहे." बरोबर होतं तिचं. खालच्या नरसाळ्यात पेन्सिल अर्धा मिमी चुकली तर पुढे ती चूक विरून जाते. इथे तीच चूक वाढत जाते, x = २ पर्यंत जवळजवळ शंभरपट. उजवीकडे वक्र काढून इथला निर्णय कधीच होणार नाही. कुंपणंच घट्ट करायला हवीत.

१५ जून

वरचं कुंपण आधी. c = १ च का? दुसरा कोणताही c घेतला तर y = √(x + c) चा चढ 1/(2√(x + c)), तो x = ० ला सर्वात जास्त असतो. त्यावरच्या रेघांचा चढ c. म्हणजे c > 1/(2√c) एवढं असलं की पुरे, त्यातून c ची किंमत ०.६३ च्या वर मिळते. y-अक्षावर हा वक्र √०.६३ = ०.७९४ ला येतो. तर y(०) = ०.७९४ पासून आणि त्यावरून निघालेली प्रत्येक उकल वर जाते.

खालची बाजू स्पर्शिकेनं केली. y'' = 2y·y' − 1. y-अक्षावर हे 2y³ − 1 होतं, जे ०.७९४ च्या खाली ऋण असतं. वक्र खाली वाकलेला असेल तोवर तो आपल्या सुरुवातीच्या स्पर्शिकेच्या खालीच राहतो. (०, ०.५) घेऊन पाहिलं: स्पर्शिका y = 0.5 + 0.25x. ती y = √x ला x = ०.३४३ ला गाठते, आणि तोवर 2y·y' ०.३ च्याही वर जात नाही, म्हणजे वाकण्याची दिशा बदलत नाही. उकल स्पर्शिकेच्या खाली, म्हणून ती √x त्याआधीच ओलांडते आणि खाली पडते. पट्टीनं एक सरळ रेघ, एवढंच काम!

मग विचार आला की ०.५ च्या वर ही युक्ती कुठवर चालते. स्पर्शिका y₀ + y₀²x ही √x ला नुसती टेकली तरी पुरे; त्यासाठी 4y₀³ = 1, म्हणजे y₀ = ०.६३. पुन्हा तीच संख्या. वरच्या कुंपणात c साठी आली होती, इथे y साठी आली. दोन्हींचं मूळ एकच, (1/4) चं घनमूळ.

तर विभाजक बिंदू ०.६३ आणि ०.७९४ च्या मध्ये. माझ्या कागदावर सव्वातीन मिमीचा तुकडा.

१७ जून

हे आधी सुचायला हवं होतं. उजवीकडे जाताना चूक वाढते, तर डावीकडे जाताना तीच चूक तेवढीच घटते. जो पट्टा उजवीकडे गळतो, तो डावीकडे पाहिला तर नरसाळं आहे.

कागद उलटा फिरवला आणि x = ४ पासून सुरुवात केली. तिथे पट्टा √४ = २ पासून √५ = २.२३६ पर्यंत, म्हणजे पाच मिमीपेक्षाही कमी. नेमकी कोणती जागा घ्यायची याची चिंताच नाही. पट्ट्यात २.०५, २.१ आणि २.२ अशा तीन जागांवरून रेघांच्या मागे मागे आले. तिन्ही वक्र x = ३ च्या आसपास एकत्र आले आणि y-अक्षावर उतरले ते १४.५, १४.५ आणि १५ मिमी उंचीवर. एकक २० मिमीचं, म्हणजे ०.७२५ ते ०.७५.

चार दिवस ज्या बिंदूनं प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलं, तो आज तीन प्रयत्नांत अर्ध्या मिमीत बसला. अस्थिर उकल हवी असेल तर तिच्याकडे उलट्या दिशेनं यायचं, हे या कागदानं हाताला शिकवलं.

१९ जून

वर निसटलेल्या उकलींचं काय होतं, हे राहिलं होतं. चित्रात त्या फक्त "उभ्या होत जातात". पण इथे चित्राला मर्यादा आहे. y' = y च्या क्षेत्रातही उकली उभ्या होत जातात, आणि तरी त्या प्रत्येक x ला असतात. y' = y² च्या उकली मात्र मर्यादित x ला अनंतात जातात. कागदावरच्या रेघांमध्ये हा फरक दिसत नाही, कारण ७५ अंशांच्या वरच्या सगळ्या रेघा डोळ्याला सारख्याच वाटतात.

म्हणून तुलना करावी लागते. (०, २) पासून निघू. x ≥ ० असताना y' ≤ y², म्हणून उकल 1/(1/2 − x) च्या वर जात नाही; x = ०.५ च्या आधी ती अनंतात जाऊ शकत नाही. दुसरीकडून, y ≥ २ आणि x ≤ २ असेपर्यंत x हा y²/२ पेक्षा मोठा नसतो, म्हणून y' ≥ y²/2. y' = y²/2 ची (०, २) मधली उकल x = १ ला अनंतात जाते, म्हणून आपलीही तोवर जाते. उभी अनंतस्पर्शी रेषा ०.५ आणि १ च्या मध्ये कुठेतरी आहे. कागदावर तिथे तुटक उभी रेघ न काढता त्या पट्टीला हलकी छटा दिली. नेमकी जागा माहीत नसताना रेघ काढली असती तर पाहणाऱ्याला ती मोजलेली वाटली असती.

२२ जून

आता हातानं मिळालेलं उत्तर संगणकावर तपासलं. निर्णयाची अट थेट कागदावरच्या कुंपणांवरून घेतली: y² हा x च्या खाली गेला की उकल पडली, x + 1 च्या वर गेला की निसटली. त्यापुढे मोजायची गरजच नाही.

```python
def var_jate(y, h=0.001):
    x = 0.0
    while x <= y*y <= x + 1:
        m = y + h/2*(y*y - x)
        y += h*(m*m - (x + h/2))
        x += h
    return y*y > x + 1

a, b = 0.63, 0.794
for _ in range(30):
    m = (a + b)/2
    if var_jate(m): b = m
    else: a = m
print(round(a, 4))
```

उत्तर ०.७२९ आलं. १७ जूनचा आकडा ०.७२५ ते ०.७५ होता.

सोबत दोन्ही बाजूंच्या एकेक उकलीही चालवल्या. ०.७२ पासून निघालेली x = २ ला ०.८२ वर आहे, म्हणजे √२ च्या कितीतरी खाली. ०.७४ वाली तिथे ३.४ वर पोचली आहे आणि x = २.५ च्या आत अनंतात जाते. सुरुवातीला कागदावर त्यांच्यात अर्धा मिमीपेक्षाही कमी अंतर होतं. १३ जूनला हाताला काय कठीण जात होतं ते या आकड्यांत नेमकं दिसतं.

२४ जून

अंतिम कागद. विभाजक उकल लाल शाईनं काढली, अर्थात उजवीकडून डावीकडे. y-अक्ष ओलांडून तशीच पुढे नेली. x ऋण असताना y² − x धनच असतो, म्हणून तिथे एकही रेघ उतरती नाही, आणि डावीकडे जाताना वक्र सतत खाली येतो. x-अक्ष तो −१ च्या किंचित डावीकडे ओलांडतो आणि x = −२ च्या कडेला −२.७ च्या आसपास पोचतो. तिथे रेघा इतक्या उभ्या आहेत की कागद डावीकडे अजून एक एकक वाढवावा लागेल. हा वक्रही तिथे कुठेतरी अनंतात जाणार हे दिसतंय. x ऋण असल्यामुळे त्या भागात y' > y², तेव्हा १९ जूनची तुलना तिथेही चालेल. पुढचा कागद x = −४ पासून आखायचा.